खुर्चीचे ३,४९० रुपये परत: २,६५० कार्डावर, ८४० वॉलेटमध्ये (ऑर्डर क्र. ५८२०३१)

नमस्कार,

तुम्ही परत केलेल्या खुर्चीचे ३,४९० रुपये आम्ही सोमवारी, ८ जून २०२६ रोजी परत पाठवले आहेत. पैसे दोन ठिकाणी येतील:

२,६५० रुपये: ज्या क्रेडिट कार्डाने पैसे भरले होते त्याच कार्डावर (शेवटचे अंक ४४१७). उशिरात उशिरा बुधवार, १७ जूनपर्यंत.

८४० रुपये: आमच्या ॲपमधल्या तुमच्या वॉलेटमध्ये. हे जमा झाले आहेत, आत्ता ॲप उघडलंत तरी दिसतील.

तुम्हाला काही करायचं नाही. फॉर्म नाही, बँकेत जाणं नाही.

सोमवारी तुम्हाला आमच्याकडून एवढाच संदेश आला होता: "तुमच्या परताव्याची प्रक्रिया पूर्ण झाली आहे. रक्कम ५ ते ७ कामकाजाच्या दिवसांत मूळ स्रोतात जमा होईल." किती पैसे, कोणत्या कार्डावर आणि दिवस कधीपासून मोजायचे, यातलं काहीच त्यावरून कळत नव्हतं. तो संदेश आता बाजूला ठेवा, हाच धरून चाला.

३,४९० रुपये कसे झाले?
ऑर्डर एकूण ९,८४० रुपयांची होती: टेबल ६,२००, खुर्ची ३,४९०, घरपोच पोहोचवण्याचे १५०. टेबल तुम्ही ठेवलंत, त्यामुळे त्याचे ६,२०० आणि पोहोचवण्याचे १५० परत येत नाहीत. खुर्चीची मात्र पूर्ण किंमत परत दिली आहे. ती घरून उचलून नेण्याचा खर्च आमचा, त्यापोटी एक रुपयाही कापलेला नाही.

दोन ठिकाणी का?
कारण पैसे भरतानाही ते दोन ठिकाणांहून आले होते: ९,००० कार्डावरून आणि ८४० वॉलेटमधून. रिफंड देताना आधी वॉलेटची रक्कम पूर्ण भरून देतो आणि उरलेली कार्डावर पाठवतो. म्हणून कार्डाच्या स्टेटमेंटमध्ये ३,४९० शोधू नका, तिथे २,६५० दिसतील. कमी आले असं वाटलं तर आधी वॉलेट बघा.

१७ जून कसा काढला?
आमच्याकडून पैसे निघाले की ते कार्डाच्या खात्यावर चढवण्याचं काम तुमची बँक करते. त्यासाठी ७ कामकाजाचे दिवस धरले आहेत, मोजणी मंगळवार ९ जूनपासून. १३ जूनला महिन्याचा दुसरा शनिवार आणि १४ ला रविवार, दोन्ही दिवस बँका बंद, ते धरलेले नाहीत. पैसे त्याआधीही येऊ शकतात. बँकेचा एसएमएस येईलच असं नाही, तेव्हा कार्डाच्या ॲपमध्ये बघा. रकमेपुढे `CR` लिहिलेलं असेल.

एक गोष्ट नीट लक्षात घ्या. तुमच्या कार्डाचं बिल या रिफंडच्या आधीच निघालं असेल, तर त्यात २,६५० वजा झालेले नसतील. तरीही बिलावरची पूर्ण रक्कम मुदतीत भरा. रिफंड येणार म्हणून तेवढे पैसे कमी भरलेत तर बँक व्याज लावू शकते. बिल पूर्ण भरून झालं असेल, तर हे २,६५० कार्डावर तुमच्या नावे शिल्लक दिसतील आणि पुढच्या खरेदीत वळते होतील.

४४१७ वालं कार्ड मधल्या काळात बंद केलं असेल किंवा बदललं असेल तर याच मेलला उत्तर देऊन आजच कळवा. बदललेल्या कार्डाच्या बाबतीत बँक साधारणपणे रक्कम नव्या कार्डाकडे वळवते, पण खातंच बंद असेल तर आम्हाला दुसरा मार्ग काढावा लागेल.

१७ जूनपर्यंत पैसे दिसले नाहीत तर
गुरुवारी, १८ जूनला याच मेलला "रक्कम आली नाही" एवढं लिहून पाठवा. ऑर्डर क्रमांक, पावती, फोटो पुन्हा मागणार नाही. या कार्ड-रिफंडचा एआरएन क्रमांक आम्ही शुक्रवारी, १२ जूनला तुम्हाला मेल करू. बँकेला तो सांगितला की पैसे नेमके कुठे आहेत हे त्यांना शोधता येतं.

आणि कृपया सावध राहा. या रिफंडसाठी आम्ही तुम्हाला फोन करणार नाही, लिंक पाठवणार नाही, ओटीपी, कार्डाचा सीव्हीव्ही किंवा यूपीआय पिन विचारणार नाही. पैसे मिळण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. आमचं नाव सांगून कोणी असं काही मागितलं तर फोन ठेवून द्या आणि आम्हाला इथे कळवा.

आपले,
रिफंड विभाग, ग्राहक सेवा