संरचना अभियंता परवान्यासाठी शिफारसपत्र : कु. अमृता बिराजदार

सोलापूर
दिनांक : १२ ऑगस्ट २०२४

प्रति,
मा. आयुक्त,
सोलापूर महानगरपालिका, सोलापूर
मार्फत : नगररचना विभाग

विषय : कु. अमृता बिराजदार यांना संरचना अभियंता म्हणून परवाना मिळणेबाबत शिफारस

महोदय,

कु. अमृता बिराजदार यांनी एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनुसार संरचना अभियंता म्हणून परवाना मिळण्यासाठी आपल्याकडे अर्ज केला आहे. त्यांच्या अनुभवाविषयी लेखी अभिप्राय द्यावा, अशी विनंती त्यांनी मला केल्यावरून हे पत्र सादर करीत आहे. मी गेली तेवीस वर्षे सोलापूर शहर व परिसरातील इमारतींच्या बांधकामावर काम करीत असून, सध्या प्रकल्प व्यवस्थापक या पदावर आहे. कु. बिराजदार यांच्याशी माझे कोणतेही नाते नाही, तसेच त्यांच्या नियोजित व्यवसायात माझा आर्थिक हितसंबंध नाही. त्यांना परवाना मिळाल्यास त्या आमची नोकरी सोडण्याची शक्यता आहे, हे ठाऊक असूनही ही शिफारस मी करीत आहे.

कु. बिराजदार या स्थापत्य अभियांत्रिकीच्या पदवीधर असून ऑगस्ट २०१९ मध्ये कनिष्ठ अभियंता म्हणून आमच्याकडे रुजू झाल्या. पहिले वर्ष त्यांनी सल्लागार संरचना अभियंत्यांच्या कार्यालयात, आमच्याच कामांचे आराखडे तयार करण्यात घालवले. त्यानंतर जुळे सोलापूर येथील सात मजली निवासी इमारत आणि चिंचोळी औद्योगिक वसाहतीतील कापड कारखान्याची इमारत ही दोन कामे त्यांनी माझ्या थेट देखरेखीखाली केली. या काळात आराखड्याचे काम त्यांनी सोडले नाही. तुळया, स्लॅब, स्तंभ व पाया यांची गणिते त्या सल्लागारांच्या मार्गदर्शनाखाली करीत आणि तीच बांधताना जागेवर उभ्या राहत. परवान्यासाठी आराखडा आणि प्रत्यक्ष काम अशा दोन्ही प्रकारचा अनुभव अपेक्षित असतो. तो त्यांना एकाच वेळी आणि एकाच इमारतीवर मिळाला, ही त्यांच्या अर्जातील मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी बाब आहे.

संरचना अभियंत्याच्या सहीवर लोक राहायला जातात. म्हणून कु. बिराजदार सही कशी करतात, हे आपल्यासमोर ठेवणे मला आवश्यक वाटते, आणि त्यासाठी दोन प्रसंग थोडे सविस्तर लिहितो.

जुळे सोलापूर येथील जागेवर वरचा सुमारे दोन मीटर थर काळ्या मातीचा होता. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे पाया तिच्याखालच्या कठीण मुरमात न्यावा लागतो, हे सोलापुरात काम करणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही. मृद्‌परीक्षणाच्या अहवालानुसार अडीच मीटर खोली ठरली होती. बावीस खड्डे खणून झाले, तळाला पिवळसर मुरूम दिसत होता आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पीसीसी टाकायचे ठरले होते. कु. बिराजदार यांनी संध्याकाळी प्रत्येक खड्ड्यात स्वतः उतरून दहा-बारा ठिकाणी पहार मारून पाहिली. सतराव्या खड्ड्यात तीन कोपऱ्यांत पहार टणटण वाजली आणि चौथ्या कोपऱ्यात तिचा आवाज बसका, मातीत घुसल्यासारखा आला. त्यांनी तेवढाच भाग खणायला सांगितला. जेमतेम एक फूट मुरमाखाली काळी माती, विटांचे तुकडे आणि एक कुजलेले लाकूड निघाले. ती शेतातली जुनी विहीर होती, केव्हातरी बुजवून वरून मुरूम पसरलेली. शेजारच्या वस्तीतील एका वृद्ध गृहस्थांनी नंतर आम्हाला सांगितले की, तेथे पूर्वी मोट चालत असे.

मला हे कबूल केले पाहिजे की, त्या संध्याकाळी मी नाखूश होतो. मालाची गाडी ठरलेली होती, मजूर ठरलेले होते, आणि मृद्‌परीक्षणाची छिद्रे नेमकी त्या जागेवर घेतलेली नसल्याने आमच्या हातातला अहवाल निर्दोष दिसत होता. मी त्यांना म्हणालो की, तो कोपरा साफ करून काँक्रीटने भरू आणि पुढे जाऊ. त्यावर त्यांनी शांतपणे उत्तर दिले, "सर, विहिरीचा घेर किती आहे हे कळल्याशिवाय मी तपासणी पत्रकावर सही करू शकत नाही. आपण केलीत तर माझी हरकत पत्रकावर लिहून ठेवते." मी सही केली नाही. दुसऱ्या दिवशी खोदून पाहिले तेव्हा विहिरीचा घेर शेजारच्या खड्ड्याच्या कडेपर्यंत पोहोचत असल्याचे दिसले. दोन स्तंभांचा एकत्रित पाया घ्यावा आणि त्याचा भार विहिरीबाहेरच्या मूळ मुरमावर उतरावा, असा पर्याय त्यांनी हाताने गणित करून मांडला. सल्लागारांनी तो तपासून, सळयांत थोडी वाढ करून मंजूर केला. काम नऊ दिवस थांबले. आज त्या इमारतीत कुटुंबे राहत आहेत आणि त्या कोपऱ्यातील भिंतींवर मला एकही चीर दिसलेली नाही.

दुसरा प्रसंग त्यांच्या स्वतःच्या चुकीचा आहे, आणि तो मी मुद्दाम लिहीत आहे. एप्रिल २०२२ मध्ये चौथ्या मजल्याचा स्लॅब झाला. आय.एस. ७८६१ नुसार हवेचे तापमान ४० अंशांवर गेले की उष्ण हवामानातील काँक्रीटची काळजी घ्यावी लागते. सोलापुरातील एप्रिल-मे महिने त्यात सहज मोडतात, म्हणून आम्ही काम संध्याकाळी सुरू केले होते. स्लॅब चांगला झाला. परंतु चाचणीसाठी भरलेले घन साच्यातून काढून पाण्याच्या टाकीत सोडायचे होते, आणि टँकर न आल्यामुळे टाकी कोरडी होती. ते घन दोन दिवस उन्हात पडून राहिले. ही जबाबदारी कु. बिराजदार यांची होती. त्यांनी त्याच दिवशी नोंदवहीत स्वतःच्या अक्षरात लिहिले : "घन ४८ तास पाण्याबाहेर राहिले. निष्कर्ष विश्वासार्ह नसण्याची शक्यता. जबाबदारी माझी." अठ्ठावीस दिवसांनी एम-२५ काँक्रीटच्या त्या नमुन्याची सरासरी २०.८ आली. घनांची चूक आधीच नोंदलेली असल्याने निकाल बाजूला ठेवून नवीन घन दाखवावेत, असे ठेकेदाराच्या माणसाने सुचवले. असे सल्ले बांधकामावर दुर्मीळ नसतात. कु. बिराजदार यांनी तो नाकारला आणि स्लॅबचेच गाभा नमुने काढण्याची मागणी माझ्याकडे लेखी केली. त्यांचे म्हणणे असे होते की, घन खराब झाल्यामुळे काँक्रीट चांगले असल्याचा पुरावा आपल्याकडे उरलेला नाही, आणि पुरावा नसणे म्हणजे काँक्रीट चांगले असणे नव्हे. आय.एस. ४५६ : २००० प्रमाणे तीन गाभे काढले. त्यांची सरासरी २३.६ आणि सर्वांत कमी २२.४ आली, म्हणजे सरासरीसाठी ८५ टक्के आणि प्रत्येक गाभ्यासाठी ७५ टक्के या दोन्ही अटी पूर्ण झाल्या. नोंदवहीचे ते पान, गाभ्यांचा अहवाल आणि त्यांचे पत्र माझ्याकडे आहे. त्यानंतर त्यांनी टाकीशेजारी दोनशे लिटरचे पिंप कायम भरून ठेवण्याची पद्धत सुरू केली, ती आमच्या सर्व कामांवर आजही चालू आहे.

आमच्या कूपनलिकेच्या पाण्यात क्लोराइडचे प्रमाण सळईयुक्त काँक्रीटसाठी असलेल्या प्रतिलिटर ५०० मिलिग्रॅमच्या मर्यादेपेक्षा जास्त असल्याचे त्यांनीच चाचणी करून दाखवले आणि ते पाणी मिश्रणासाठी वापरणे बंद करवले.

फिटर मंडळींशी त्यांचे वागणेही उल्लेखनीय आहे. चिंचोळीच्या कामावर स्तंभांच्या रिंगांचे आकडे ९० अंशांवर वळवलेले त्यांना आढळले. आमचे मुख्य फिटर वयाने त्यांच्या वडिलांएवढे आहेत. "मॅडम, वीस वर्षं असंच वळवतोय," असे ते म्हणाले. कु. बिराजदार यांनी हुकूम दिला नाही. त्यांनी एक रिंग हातात घेऊन, हादऱ्याने बाहेरचे काँक्रीट सुटले की ९० अंशांचा आकडा कसा उघडतो आणि १३५ अंशांचा आकडा आतल्या काँक्रीटला कसा धरून राहतो, हे तारेने बांधून दाखवले. "काका, किल्लारीचा हादरा तुम्हाला आठवत असेल," एवढेच त्या म्हणाल्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या त्या पहाटे सोलापूरही हलले होते. मी तेव्हा शाळेत होतो आणि आम्ही सर्वजण अंगणात येऊन उभे राहिलो होतो, ते मी विसरलेलो नाही. सोलापूर आज भूकंपक्षेत्र ३ मध्ये मोडते. त्या दिवशी दोनशेहून अधिक रिंगा पुन्हा वळवल्या गेल्या, आणि त्या कामी त्या फिटर काकांनीच पुढाकार घेतला.

कु. बिराजदार यांच्या मर्यादाही आपल्याला ठाऊक असाव्यात. सात मजल्यांपेक्षा उंच इमारतीचा आराखडा त्यांनी स्वतंत्रपणे केलेला नाही. शेजारच्या इमारतीला लागून खोल तळघर खणण्याचा अनुभव त्यांना नाही, आणि अशा कामात काही वर्षे तरी त्यांनी ज्येष्ठांचा सल्ला घ्यावा, असे माझे मत आहे. मी हे त्यांना बोलून दाखवले, तेव्हा त्यांनी स्वतःच्या अर्जासोबतच्या अनुभवपत्रकात ही बाब नमूद केली. कागदपत्रे पूर्ण करण्यात सुरुवातीला त्या संथ होत्या. आता तसे नाही. त्यांच्या गणितांविषयी सांगायचे तर, संगणकावरील आज्ञावलीने दिलेले उत्तर त्या निदान एका तुळईसाठी आणि एका स्तंभासाठी हाताने पडताळतात, आणि फरक आढळला तर तो कळेपर्यंत रेखाचित्र पुढे पाठवत नाहीत.

वरील सर्व मजकूर माझ्या प्रत्यक्ष माहितीवर आधारित आहे. आराखड्यांच्या गुणवत्तेबाबत सल्लागार संरचना अभियंत्यांचे स्वतंत्र प्रमाणपत्र अर्जासोबत जोडलेले असल्याने त्याविषयी मी अधिक लिहिलेले नाही. माझ्या घराचा पुढचा मजला चढवायचा झाला तर त्याचा आराखडा मी कु. बिराजदार यांच्याकडे देईन, आणि त्याच विश्वासाने त्यांना संरचना अभियंता म्हणून परवाना द्यावा अशी शिफारस आपल्याकडे करतो. तपासणी पत्रके, घनांची नोंदवही आणि गाभ्यांचा अहवाल यांच्या मूळ प्रती आपल्या विभागाने बोलावल्यास मी त्या घेऊन स्वतः हजर राहीन.

आपला विश्वासू,

(स्वाक्षरी)
शशिकांत म्हमाणे
प्रकल्प व्यवस्थापक, सोलापूर

सोबत : जुळे सोलापूर व चिंचोळी येथील कामांच्या कालावधीचा तपशील, साक्षांकित प्रत