प्रश्न 3 – आलेख वाचन, लेखी उत्तर : गुण 4/10

जगातल्या पाच वर्षांखालच्या मुलांच्या मृत्यूदराच्या आलेखाचा कल आणि त्यामागची कारणं यावरचं तुझं उत्तर दोनदा वाचलं आणि आधी गुणांचा हिशोब सांगतो म्हणजे तुला नंतर शोधत बसायला नको. कलाचं वर्णन 4 पैकी 3, कारणं 5 पैकी 0, मांडणी 1 पैकी 1. मधला शून्य बघून तुला वाईट वाटणार हे माहितीये, म्हणून तो का आला हे नीट लिहितोय.

आधी वर्णन, कारण ते खरंच छान झालंय. 1990 मध्ये जगात दर हजार जिवंत जन्मांमागे पाच वर्षांखालच्या 93 मुलांचा मृत्यू व्हायचा, 2000 मध्ये 76, 2022 मध्ये 37, हे तीनही आकडे तू बरोबर उचललेस. आणि बहुतेकांनी सोडलेली गोष्ट तू पकडलीस, की रेषा सगळीकडे सारख्या उताराची नाही, 2000 नंतर जास्त खाली झुकते आणि 2015 नंतर पुन्हा सपाट व्हायला लागते. नजर चांगली आहे तुझी. एक गुण गेला तो "मृत्यूदरात 56 टक्के घट झाली" या वाक्यावर. 93 मधून 37 गेले की 56 उरतात, पण ते दर हजारी 56, टक्के नाहीत. टक्के काढायचे तर 56 भागिले 93, म्हणजे साधारण 60. हा गोंधळ पेपरात फार जण करतात, तू आत्ताच मोडून काढ.

आता कारणं. प्रश्नात "कल सांगा व त्यामागची कारणं स्पष्ट करा" असं स्पष्ट लिहिलंय, आणि तू दुसऱ्या परिच्छेदात लिहिलंस, "काळाच्या ओघात मृत्यूदर हळूहळू कमी होत गेला आणि त्यामुळे 2022 मध्ये तो सर्वात कमी दिसतो." हे वाचताना कारण दिल्यासारखं वाटतं कारण मध्ये "त्यामुळे" आहे, पण नीट बघ, दर कमी होत गेला म्हणून दर कमी झाला एवढंच म्हणतोयस तू. काळ जातो म्हणून मुलं वाचत नाहीत, त्या काळात कोणीतरी काहीतरी केलं म्हणून वाचतात. तिसऱ्या परिच्छेदात तर तेच आकडे पुन्हा आलेत, फक्त वाक्यं फिरवून. द्यायला अर्धा गुण शोधत होतो, खरंच सापडला नाही.

काय चाललं असतं ते एका उदाहरणाने दाखवतो. "जुलाबाने मूल दगावतं ते मुख्यतः शरीरातलं पाणी आणि क्षार संपल्यामुळे. ओआरएसमधली साखर आतड्यातून मीठ शोषायला मदत करते आणि त्याच्या मागोमाग पाणीही आत जातं, म्हणून सलाईन न लावता घरीच मूल सावरू शकतं. हे द्रावण स्वस्त असल्याने गरीब भागातही पोचलं आणि तिथला मृत्यूदर खाली आला." यात कारण आहे, ते काम कसं करतं ते आहे, आणि शेवटी रेषेशी जोडलंय. अशी दोन कारणं आली असती तरी 4 गुण होते. गोवराची लस, कीटकनाशक लावलेल्या मच्छरदाण्या, स्वच्छ पाणी, आईचं शिक्षण, यातलं काहीही घे पण नुसती यादी नको, ते मुलापर्यंत कसं पोचतं ते लिही.

आणि तुझी सगळ्यात चांगली निरीक्षणं तू तशीच सोडून दिलीस याचं मला जास्त वाईट वाटलं. नव्वदच्या दशकात उतार कमी का? आफ्रिकेच्या बऱ्याच भागात तेव्हा एचआयव्ही पसरत होता आणि मलेरियावर क्लोरोक्विन चालेनासं झालं होतं. 2000 नंतर वेग का वाढला? त्याच सुमाराला गरीब देशांत लसी पोचवायला 'गावी' नावाची आंतरराष्ट्रीय आघाडी उभी राहिली, मच्छरदाण्यांचं वाटप वाढलं, एचआयव्हीची औषधं मिळायला लागली. आणि शेवटी सपाट का? कारण आता उरलेल्या मृत्यूंपैकी जवळपास निम्मे जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यातले आहेत, अपुऱ्या दिवसांची बाळं, प्रसूतीवेळची गुंतागुंत, तिथे लस किंवा मच्छरदाणी पुरत नाही, सुसज्ज दवाखाना आणि शिकलेली नर्स लागते.

एक सांभाळ, आलेखात फक्त आकडे आहेत, कारणं तू बाहेरून आणणार, म्हणून "आलेखावरून दिसते की लसीकरणामुळे" असं लिहायचं नाही, "याचं एक महत्त्वाचं कारण म्हणजे" असं लिही.

पहिला परिच्छेद टक्क्यांची दुरुस्ती करून तसाच ठेव. दुसरा आणि तिसरा पूर्ण खोड, त्या जागी उताराचे तीन टप्पे घे आणि प्रत्येकाला एक कारण दे, 150 शब्दांत. ओआरएसचं मी लिहिलंय ते वापरू नकोस, स्वतःचं आण. शुक्रवारपर्यंत दे, कारणांचे 5 गुण पुन्हा तपासून बदलतो.