तात्या, फलकाचा फोटो नीट वाचला

तात्या, नमस्कार. फोटो मिळाला. बाजार समितीच्या भावफलकावर ऊन पडून कमाल दराच्या रकान्यात चकाकी आली आहे. सोयाबीनचा शनिवारचा आकडा ४,११० की ४,७१०, असं तुम्ही विचारलंत. तो ४,७१०च आहे. शेजारी सर्वसाधारण दर ४,३८० लिहिलाय, आणि कमाल त्याच्या खाली जाऊच शकत नाही.

आता सोयाबीनची ओळ वाचून दाखवते. आधी क्विंटलमध्ये आवक, मग सर्वसाधारण दर:

सोमवार १,८४० — ४,२५०
मंगळवार २,३१० — ४,२००
बुधवार २,६५० — ४,१२०
गुरुवार २,४२० — ४,१८०
शुक्रवार १,७६० — ४,२९०
शनिवार १,३२० — ४,३८०

गावात सगळे "भाव सत्तेचाळीसशेला गेला" म्हणतात, ते कमालच्या रकान्याकडे बघून. तो दर एखाद्याच लॉटला मिळालेला असू शकतो. एकदम वाळलेला, बियाण्यासारखा स्वच्छ माल असेल. किती पोत्यांना मिळाला, ते फलक सांगत नाही. तुमच्या चांगल्या मालासाठी सर्वसाधारण दर धरा. डागी मालासाठी किमान धरा, तो शनिवारी ३,७०० होता.

बुधवारपासून शनिवारपर्यंत भाव २६० रुपयांनी चढला, हे खरं. पण त्याच चार दिवसांत आवक निम्म्यावर आली. म्हणजे माल कमी आला म्हणून भाव ओढला गेला. मागणी वाढली असं यातून म्हणता येत नाही. आवक दोन हजारांच्या वर असतानाही भाव ४,३००च्या पुढे टिकला, तर मी त्याला तेजी म्हणेन. रविवारी यार्ड बंद, आणि शनिवारचा भाव ऐकून सोमवारी-मंगळवारी गाड्यांची रांग लागेल. म्हणून सोमवारी पहाटे टेम्पो भरून निघू नका, एवढं ऐका.

तुमच्या बावीस क्विंटलांचे मी दोन भाग करते.

सप्टेंबरच्या पावसात भिजलेले आठ क्विंटल, ज्याचा ओलावा मशीनवर १६ टक्के आला, ते आधी काढा. काळा पडलेला दाणा ठेवून पांढरा होत नाही, उलट पोत्यात गरम होऊन बुरशी धरेल. पण तसाच ओला नेऊ नका. ताडपत्रीवर दोन-तीन उन्हं द्या, १२ वर आणा. आठाचे सात क्विंटल चौसष्ट किलो होतील, छत्तीस किलो घटतील. तरी हिशोब बघा: ओला ३,४०० ने गेला तर २७,२०० रुपये, वाळवून ३,७०० ने गेला तर २८,२६८. हजार रुपये जास्त, शिवाय ओलाव्यावरून होणारी घासाघीस वाचते. बुधवार-गुरुवारी आवक बघून न्या. हमाली, तोलाई, भाडं जाऊन जे उरेल त्यात हरभऱ्याचं बी आणि खत भागेल.

उरलेले चौदा क्विंटल स्वच्छ आहेत, ओलावा १२. हा माल ४,३८० ला द्यायला माझा जीव होत नाही. २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ आहे. चौदा क्विंटलांवर १३,२७२ रुपयांचा फरक पडतो, काकूंच्या डोळ्याचं ऑपरेशन डोळ्यांसमोर असताना ही रक्कम लहान नाही. हमीभाव केंद्रावर नाव नोंदवा. सातबारा, आधार, पासबुक घेऊन जा, आणि ई-पीक पाहणीत सोयाबीन लागलंय का ते आधी बघा. मागे आपल्याच गावात एकाच्या उताऱ्यावर पीक कोरं होतं, त्याला माल परत आणावा लागला. तिथेही ओलावा १२ पर्यंतच चालतो, म्हणून पोती जमिनीवर टेकवू नका, खाली फळ्या घाला. पैसे मात्र लगेच हातात पडत नाहीत, उशिराने खात्यावर येतात, तेवढी तयारी ठेवा.

मधेच अडचण आली तर पडत्या भावाला विकू नका. बाजार समितीत शेतमाल तारण योजना असते. माल गोदामात ठेवून किमतीच्या पंच्याहत्तर टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं, सोयाबीनला सहा टक्के व्याजाने, १८० दिवसांसाठी. आपल्या समितीत सध्या चालू आहे का, ते मी सोमवारी खिडकीवर विचारते.

सावकाराचे वीस हजार थकलेत, हे काकूंनी मला सांगितलंय. ते आधी फेडायचे असतील तर चौदातले पाच क्विंटल बाजारात काढा, नऊ ठेवा. त्यात मला वावगं वाटत नाही. व्याज तिकडे महिन्यावर चढतं.

सोमवारी लिलाव उरकल्यावर फलकाचा फोटो पुन्हा पाठवा. सावलीच्या बाजूने, समोर उभं राहून काढा, आणि आवकेचा रकाना कापू नका. शेजारच्या आडतीवर तुमच्यासारख्या डागी मालाला प्रत्यक्ष काय बोली लागली, तेही कानावर घ्या.