वाचनालय सभासद सर्व्हे: 'काय बदल हवा?' या प्रश्नाच्या उत्तरांचा गोषवारा

नमस्कार मंडळी, शेवटच्या मोकळ्या प्रश्नाची सगळी उत्तरं वाचून झाली. कागदी फॉर्म 71 आणि गूगल फॉर्म 52, म्हणजे एकूण 123, त्यातले 17 जण कोरे किंवा नुसतं 'सगळं छान' लिहून मोकळे झालेत, तर खाली जे आहे ते उरलेल्या 106 जणांचं. एकाच माणसाने दोन-तीन गोष्टी लिहिल्या असतील तर त्या प्रत्येक ठिकाणी धरल्यात, त्यामुळे आकड्यांची बेरीज 106 च्या वर जाणार. आकडे अंदाजेच घ्या, दोन-चार इकडेतिकडे होतील.

सगळ्यात जास्त अभ्यासिकेबद्दल, साधारण 40. पण हे जवळपास सगळे गूगल फॉर्मवाले, म्हणजे एमपीएससी नाहीतर पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं, आणि पुस्तकांबद्दलचे बहुतेक कागदी, म्हणजे वयस्कर सभासद. तर 'अभ्यासिका 40, पुस्तकं 35, अभ्यासिका जिंकली' असं मतमोजणीसारखं कृपया वाचू नका, लिंक कुणाच्या ग्रुपवर फिरली यावर ते आहे. अभ्यासिकेत तिघांत एकाची तक्रार लाईट आणि चार्जिंग पॉइंटची. मोबाईलवर बोलणाऱ्यांबद्दल सातआठ जण. आणि एक मुद्दा मला नवीन होता, राज्यसेवा मुख्य परीक्षा 2025 पासून वर्णनात्मक झाली ना, तर आता तासन्‌तास पेपर लिहून सराव करावा लागतो आणि आपल्या टेबलावर एकाला जेमतेम पुस्तक उघडता येतं. एकाने लिहिलंय, 'लिहिताना कोपर शेजारच्याला लागतो मग दोघांचंही डोकं फिरतं.' असे पाच जण आहेत, पण हे वाढणार असं मला वाटतं.

पुस्तकं साधारण 35. 'नवीन पुस्तकं आणा' हे तर येणारच होतं, पण खोलात वाचलं तर निम्म्या लोकांची तक्रार खरेदीची नाहीच, पुस्तक आहे पण मिळत नाही ही आहे. कुणीतरी नेतं, दोन-दोन महिने परत करत नाही आणि आपण दंड लावत नाही. एका आजींनी लिहिलंय, 'दिवाळी अंक माझ्यापर्यंत येतो तेव्हा होळी आलेली असते.' याला अनुदान लागत नाही, नुसतं रजिस्टर बघून फोन करायचाय.

वेळेबद्दल 30 च्या आसपास, आणि इथे जरा जपून. सगळे 'वेळ वाढवा' म्हणतात पण प्रत्येकाची वेळ वेगळी! पोरांना रात्री 11 पर्यंत पाहिजे (15 एक जण), नोकरीवाल्यांना रविवारी सकाळी (8-9), आणि पेपर वाचायला येणाऱ्या काकांना सकाळी 8 ऐवजी 7 ला उघडून हवंय (5-6). एकच माणूस कुलूप उघडतो आणि लावतो, त्यामुळे तिन्ही एकदम होणार नाही. रविवारचं त्यातल्या त्यात सोपं दिसतंय, बाकी मीटिंगमध्ये बोलू.

स्वच्छतागृह 12. आकडा छोटा दिसतो म्हणून खाली ढकलू नका. या 12 पैकी 10 बायका आहेत आणि उत्तर लिहिणाऱ्या बायकाच मुळात 31, म्हणजे तिघींत एक. 'संध्याकाळी पाणी नसतं म्हणून मी तासाभरात घरी जाते' हे एकीने लिहिलंय, तेच वेगळ्या शब्दांत इतर तिघींनी. माझ्या मते यादीत हे पहिलं घ्यावं, टाकीचा आणि कडीचा खर्च असा काय येणार.

लहान मुलांच्या विभागाबद्दल दहाएक जण, बहुतेक आयांनी लिहिलंय, शनिवारी गोष्टींचा तास परत सुरू करा एवढंच.

पार्किंग फक्त 4. हो, 4! ग्रुपवर महिनाभर जो गोंधळ चालू होता तो बघता मला निदान वीस तरी वाटले होते.

काउंटरवरच्या वागणुकीबद्दल 6 उत्तरं आहेत, ती मी इथे जशीच्या तशी देत नाहीये, छोटं गाव आहे, अक्षरावरून आणि प्रसंगावरून कोण लिहितंय ते लगेच कळतं. अध्यक्षांना बंद पाकिटात दिलीत. त्यातल्या दोघांनी त्याच माणसाचं कौतुकही केलंय, हेही सांगून ठेवतो.

कुठेच न बसणारी सात-आठ उरली, मांजराला आत घेऊ नका, मांजराला खायला ठेवा (दोन वेगळे सभासद), चष्मा राहिलाय तो मिळाला का वगैरे. चष्मा मिळालाय, काउंटरच्या ड्रॉवरमध्ये आहे. कागदी फॉर्म कपाटात खालच्या कप्प्यात ठेवलेत, ज्यांना माझी वर्गवारी पटत नाही त्यांनी बिनधास्त मूळ वाचून बघा, विशेषतः वेळेचे.