रेघ कुठे तुटली

आण्णांकडे आम्ही दोघं जायचो, मी आणि मंदार, आठवड्यातून तीन दिवस. मी साताऱ्याहून एसटीने वाईला यायचे आणि मंदार तिथलाच, गणपती आळीतला, त्यामुळे तो कायम माझ्या आधी येऊन बसलेला असायचा आणि काकूंनी त्याला चहापण दिलेला असायचा. १९९८ चा उन्हाळा, आमची एम.ए.ची पहिल्या वर्षाची परीक्षा नुकतीच संपलेली. आण्णांचे डोळे काचबिंदूने जाऊन तेव्हा वीसेक वर्षं झाली होती. शाळेत संस्कृत शिकवताना गेले, आधी कडेकडेचं दिसेनासं झालं, मग फळ्याच्या मधलं तेवढं दिसायचं, मग तेही नाही.

काम काय होतं तर कालिदासाच्या रघुवंशाच्या पहिल्या सर्गावर शाळेतल्या मुलांना कळेल असं मराठी विवरण. पंच्याण्णव श्लोक. प्रस्तावना काकूंनी लिहून घेतली होती, चाळीस पानं, पण नंतर त्यांचा हात कापायला लागला म्हणून आम्हाला बोलावलं. पद्धत अशी की आण्णा झोपाळ्यावर बसून सांगणार, मंदार पाठकोऱ्या कागदांवर भराभर उतरवणार, मी घरी नेऊन फुलस्केपवर सुवाच्य प्रत करणार आणि पुढच्या खेपेला ती मोठ्याने वाचून दाखवणार. मंदारचं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग, आणि दोन शब्दांत कधी बोटभर जागा तर कधी काहीच नाही.

आण्णांच्या कानाची ओळख पहिल्याच दिवशी झाली. त्यांनी पहिला श्लोक सांगितला, सगळ्यांना पाठ असतो तोच,

वागर्थाविव सम्पृक्तौ वागर्थप्रतिपत्तये।
जगतः पितरौ वन्दे पार्वतीपरमेश्वरौ॥

आणि मंदारला परत वाचायला लावला. मंदारने घाईत विसर्ग खाल्ला होता आणि तसंच वाचलं, 'जगत पितरौ'. झोपाळा थांबला. मंदार पण हट्टी, म्हणाला, आण्णा वृत्त कुठे बिघडलंय, अनुष्टुभात पाचवं अक्षर लघू हवं ते आहे, सहावं गुरू हवं तेही आहे. आण्णा म्हणाले, "तू पाठ्यपुस्तकातला नियम सांगतोयस. दुसरं आणि तिसरं ही दोन्ही अक्षरं एकदम लघू येत नाहीत, ते कोण बघणार? ज ग त, तीन लघू ओळीने, पाय घसरला की नाही?" आणि झोपाळ्याच्या कडीवर बोटाने वाजवून दाखवलं, आधी विसर्गाशिवाय, मग विसर्गासकट. मला तो नियम तेव्हा माहीत नव्हता पण त्या कडीवरच्या टकटकीत मला खरंच ऐकू आलं की पहिल्या वेळी काहीतरी लंगडतंय.

तर हे झालं मंदारचं, माझं त्याच्यापेक्षा वाईट होतं.

पुढच्या खेपेला माझी एसटी रस्त्यातच बंद पडली आणि मी पोचले तोवर दोन तास उलटून गेलेले, त्या दिवशीचं सगळं मंदारने एकट्याने लिहून घेतलं होतं. मी नुसते कागद उचलले आणि परतीची गाडी धरली. रात्री साडेअकरा वाजता प्रत करायला बसले. एका ठिकाणी आलं, 'काही जण पार्वतीप रमेश्वर असा पदच्छेद करून इथे दोन देवांना वंदन आहे असं म्हणतात, मला तो पटत नाही.' मी ते वाचलं आणि मनात म्हटलं, बघा मंदारचं, जागा सोडायची ती भलत्याच ठिकाणी सोडलीये. आणि मी सुधारून लिहिलं, 'पार्वती परमेश्वर'. अक्षर एकही बदललं नाही, फक्त वरची शिरोरेघ प च्या नंतर तोडायच्या ऐवजी प च्या आधी तोडली. मला तर उलट बरं वाटलं होतं की आपण एक चूक दुरुस्त केली.

दुसऱ्या दिवशी वाचायला बसले. माझी जागा ठरलेली, झोपाळ्यासमोर पाटावर, प्रत मांडीवर, आणि मंदार माझ्या डाव्या हाताला भिंतीला टेकून, कच्चे कागद त्याच्यापाशी. वाचत वाचत त्या वाक्यावरून पुढे गेले पण, 'मला तो पटत नाही' पर्यंत, आणि झोपाळ्याची करकर बंद झाली.

"मागचं वाक्य परत वाच."

मी परत वाचलं, पार्वती, जरासं थांबून, परमेश्वर.

"परत."

आता काहीतरी चुकलंय एवढं कळलं. मी मान वळवून मंदारच्या कागदाकडे पाहिलं, त्यानेही बिचाऱ्याने त्या ओळीवर बोट ठेवलं होतं, आणि ती बोटभर जागा प च्या नंतर होती. अर्थ अजून लागला नव्हता, पण आण्णांनी तसंच सांगितलं असणार हे डोक्यात आलं आणि मी अगदी सराईतपणे, जणू मघाशी जीभच अडखळली होती अशा थाटात, वाचलं, पार्वतीप, रमेश्वर.

आण्णा काही बोलले नाहीत थोडा वेळ. स्वयंपाकघरात काकू कैरी किसत होत्या तो आवाज तेवढा येत होता.

"हे बरोबर वाचलंस," आण्णा म्हणाले. "पण हे मंदारच्या कागदावरचं वाचलंस. आता तुझ्या कागदावर काय आहे ते वाच."

माझे कान एकदम गरम झाले. मी काहीतरी पुटपुटले की नाही आण्णा, तेच आहे. तर ते म्हणाले, अजिबात न रागावता, हे मला अजून आठवतं, "तू मांडीवरचं वाचतेस तेव्हा आवाज खाली पाटाकडे जातो आणि तिथून माझ्याकडे येतो. आत्ता तो भिंतीकडून आला. आधी दोनदा पाटाकडून आला आणि दोन्ही वेळा चुकीचा आला. म्हणजे चूक जिभेची नाहीये, कागदाची आहे. वाच."

मग मी वाचलं, पार्वती परमेश्वर. आणि कबूल केलं की मंदारची चूक समजून मीच बदललं. मंदारने खाली बघितलं, त्याला माझ्यापेक्षा जास्त अवघडल्यासारखं झालं होतं.

"असं वाटणं साहजिक आहे," आण्णा म्हणाले, "तुझ्या डोळ्यांना ओळखीचा शब्द दिसला. आता अर्थ लाव. पार्वतीप म्हणजे कोण?"

मी म्हटलं, पार्वतीं पाति, पार्वतीचं पालन करणारा, म्हणजे शंकर. आणि रमेश्वर, रमेचा ईश्वर, विष्णू. हे बोलता बोलताच माझ्या लक्षात आलं की मी काय करून ठेवलंय.

"बरोबर. तसा पदच्छेद करणारे आहेत, जुने आहेत, त्यांची बुद्धी मोठी आहे. शंकर आणि विष्णू, दोन बाप, जगाचे दोन बाप, व्याकरणाला चालतं. पण पितरौ शब्द काय सांगतो? पाणिनीचं सूत्र आहे, पिता मात्रा. माता आणि पिता असं दोघांना मिळून म्हणायचं तेव्हा एकटा पितृ शब्द उरतो आणि द्विवचनात दोघांना पोटात घेतो. टीकाकार मल्लिनाथानेही इथे तेच सूत्र दिलंय. शब्द आणि अर्थ जसे एकमेकांत मिसळलेले तसे हे दोघं, आई आणि बाप. म्हणून मी म्हटलं की मला तो दुसरा पदच्छेद पटत नाही, त्यात आईच उरत नाही. आणि तुझ्या कागदावर काय झालंय?"

माझ्या कागदावर असं झालं होतं की आण्णांना पार्वती आणि परमेश्वर हा पदच्छेद पटत नाही. म्हणजे जे वाचवायला त्यांनी अख्खं वाक्य रचलं तेच मी त्यांच्या नावाने नाकारलं होतं, आणि ते छापून शाळेशाळेत गेलं असतं.

आतून काकू ओरडल्या, "अहो, पोरगी रडेल आता, पुरे करा." त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"रडत नाहीये ती," आण्णा म्हणाले, "श्वास घेतेय." आणि ते खरं होतं.

मी व्हाइटनर काढला तर त्याची बाटली हलवायचा खुळखुळ आवाज ऐकून त्यांनी हात वर केला. म्हणाले, नको, त्या पांढऱ्या डागावर शाई पसरते आणि कंपोझ करणाऱ्याला जागा कळत नाही, आणि इथे तर सगळा मामला जागेचाच आहे. नवीन कागद घे. आणि इथे माझ्याजवळ ये, ह्या स्टुलावर ठेवून लिही.

ते लाकडी स्टूल त्यांच्या औषधांचं होतं. मी बाटल्या खाली ठेवल्या आणि कागद पसरला. आण्णा पुढे वाकले आणि तळहात स्टुलाच्या कडेला टेकवला. माझी सवय अशी की आधी सगळी अक्षरं लिहायची आणि शब्द संपला की वरून एक रेघ ओढायची. काकूंचं उलट होतं असं आण्णांनी मला नंतर सांगितलं, त्या आधी रेघ ओढून मग वाळत घातल्यासारखी अक्षरं खाली टांगायच्या, त्यामुळे त्यांच्या वेळी शब्द किती लांब येणार ते आण्णांना आधीच कळायचं. माझ्या वेळी शेवटपर्यंत वाट बघावी लागायची.

काही. जण. मग पा, र्व, ती, प. बॉलपेन लाकडावर टकटक वाजत होतं, मी इतकी वर्षं लिहिते पण तो आवाज मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. मग रेघ ओढली, सर्रकन, पा पासून प पर्यंत. आण्णांचा हात तसाच. मग र, मे, श्व, र, आणि परत रेघ, जरा आखूड.

"हं," आण्णा म्हणाले. "आता तुटली बरोबर ठिकाणी."

अख्खं पान होईपर्यंत त्यांनी हात काढला नाही. मध्ये एकदा नुसते म्हणाले की 'नाही' वरची रेघ ओढायची राहिली, आणि खरंच राहिली होती.

पान झालं, मंदारने ते कच्च्याशी ताडून बघितलं, यावेळी त्याने वाचायचं आणि मी बघायचं असं केलं. काकूंनी कैरीचं पन्हं आणून दिलं, आधी मला. मग आण्णा परत मागे टेकले, पायाने झोपाळ्याला झोका दिला आणि मंदार पेन उघडतोय ते ऐकून म्हणाले, "तू थांब. आज हिला लिहू दे. दुसरा श्लोक घे."

मी नवीन कागद स्टुलावर ठेवला.

"क्व सूर्यप्रभवो वंशः," ते म्हणाले, आणि थांबले. मी क्व लिहिलं आणि त्याच्यावर त्याच्यापुरती छोटीशी रेघ ओढली. ते अजून थांबलेलेच होते. मग मी सूर्यप्रभवो लिहायला घेतलं.