अर्जंट 🙏 बी पॉझिटिव्ह प्लेटलेट डोनर पाहिजे, टाटा हॉस्पिटल परळ, आज संध्याकाळी ६ च्या आत

पेशंट: आर्या, वय ८ (माझ्या चुलतभावाची मुलगी, खालच्या घरातली)
ब्लड ग्रुप: बी पॉझिटिव्ह
काय पाहिजे: एसडीपी म्हणजे मशीनवर काढलेल्या प्लेटलेट्स, साधं रक्त नको
कुठे: टाटा मेमोरियल हॉस्पिटल, परळ, लहान मुलांचा वॉर्ड, ४ था मजला, बेड १४
किती: १ डोनर आजच, २ स्टँडबाय
वेळ: आज सोमवार १ सप्टेंबर, संध्याकाळी ६ पर्यंत ब्लड बँकेत पोचायचं
कॉन्टॅक्ट: संदेश (आर्याचा मामा, तिथेच आहे). त्याचा नंबर याच्या खाली कार्ड म्हणून टाकलाय, मेसेज पुढे पाठवताना ते कार्ड पण पाठवा नाहीतर लोक फोन कुणाला करणार

नमस्कार मंडळी, गौरीच्या दिवशी असा मेसेज टाकावा लागतोय. निम्म्याहून जास्त वाडी गावी आहे, घरोघरी गौरी-गणपती आहेत, सगळं माहितीय. पण जे चाकरमानी यंदा सुट्टी मिळाली नाही म्हणून मुंबईत राहिलेत त्यांच्यासाठी हे लिहितोय, आणि गावी असलेल्यांनी आपल्या मुंबईतल्या पोरांना, जावयांना, ऑफिसवाल्यांना एक फोन करा एवढंच म्हणणं आहे.

आर्याला ब्लड कॅन्सर आहे हे बऱ्याच जणांना माहीत नसेल, भावाने मे महिन्यापासून कुणाला सांगितलं नव्हतं. केमो चालू आहे आणि केमोने प्लेटलेट्स खाली जातात, आज सकाळी रिपोर्ट आला तर फक्त ८ हजार. नॉर्मल माणसाला दीड लाखाच्या वर असतात. १० हजाराच्या खाली गेलं की आपोआप रक्तस्राव व्हायची भीती असते म्हणून डॉक्टरांनी सांगितलंय की आज रात्री चढवायच्याच, उद्यावर नको. पोरीच्या दोन्ही पोटऱ्यांवर मोहरीएवढे लाल ठिपके आलेत, सकाळपासून नाकातून दोनदा रक्त आलं, ब्रश करायला बंदी आहे म्हणून वहिनी कापसाने तिचे दात पुसते. काल मी गेलो तेव्हा तिने मला एकच विचारलं, काका गौरी आली का घरी.

आता ६ ची वेळ का ते सांगतो, कारण काल दोन जण म्हणाले रात्री ऑफिस सुटल्यावर येतो आणि तसं चालत नाही. डोनर आला की आधी त्याचं सँपल घेतात, काउंट, हिमोग्लोबिन, मग एचआयव्ही, कावीळ, मलेरिया हे सगळं तपासतात त्यात दोन-तीन तास जातात, ओके आलं की मशीनवर साधारण दीड तास. म्हणजे ६ ला आलात तर पोरीला प्लेटलेट्स मिळेपर्यंत रात्रीचे ११ वाजणार.

ग्रुप रेअर नाही हो. बी पॉझिटिव्ह आपल्याकडे दर तीन-चार माणसांत एक सापडतो, नेहमीच्या दिवसात अर्ध्या तासात डोनर उभे राहिले असते. आत्ता शहरच रिकामं आहे. ब्लड बँकेकडे तयार का नाही असं विचारू नका, प्लेटलेट्स ५ दिवसच टिकतात, रक्तासारख्या महिनाभर ठेवता येत नाहीत, आणि सणात कॅम्प होत नाहीत.

कोण देऊ शकतं: वय १८ ते ६०, वजन ५० च्या वर, हाताच्या शिरा ठसठशीत पाहिजेत. गेल्या ३ दिवसांत ॲस्पिरिन किंवा डिस्प्रिन घेतलेली नको (तापाची क्रोसिन घेतली असेल तर ताप का आला होता ते तिथे सांगा, लपवू नका). वर्षभरात टॅटू काढलेला नको, काल रात्री दारू घेतली असेल तर प्लीज येऊ नका, तुमचीही फेरी फुकट आणि आमचाही वेळ जाईल. साधं रक्तदान महिन्याभरात केलं असेल तरी नाही चालणार. आणि पोटभर जेवून या, गौरीचा उपवास असेल त्यांनी तर नक्की काहीतरी खाऊन या, उपाशी माणसाला ते घेणारच नाहीत. आधार कार्ड बरोबर ठेवा.

स्टँडबाय दोन का मागतोय तर काल आपला एक मित्र कल्याणहून आला, बिचारा दोन तास बसला आणि काउंट १ लाख ३५ निघाला, रिजेक्ट. त्याची काही चूक नाही, पण एकावर भरवसा ठेवून चालत नाही.

ज्यांना भीती वाटते त्यांच्यासाठी, मी स्वतः गेल्या महिन्यात दिलंय. एका हाताला सुई, रक्त मशीनमध्ये जातं, त्यातल्या प्लेटलेट्स पिशवीत जमा होतात आणि बाकीचं रक्त परत आपल्याच अंगात येतं. मध्येच ओठांना मुंग्या आल्यासारखं होतं, सिस्टरला सांगितलं की कॅल्शियमची गोळी देतात, पाच मिनिटांत जातं. दुसऱ्या दिवशी मी कामावर होतो. दोन-तीन दिवसांत प्लेटलेट्स परत भरून येतात. मी याच शनिवारी परत दिल्या असत्या पण माझा ग्रुप ओ आणि त्यांना सेम ग्रुपच पाहिजे.

कसं यायचं: टॅक्सी किंवा बाईक लालबाग बाजूने आणू नका, राजाच्या दर्शनाची गर्दी आहे, रस्ते बंद आहेत, तासभर अडकाल. सेंट्रलवाल्यांनी परळला उतरा, वेस्टर्नवाल्यांनी प्रभादेवीला उतरून पुलावरून परळला या, तिथून चालत दहा-पंधरा मिनिटं. करी रोडला उतरू नका. सीएसएमटीकडे आंदोलनाची गर्दी आहे ती टीव्हीवर बघताच आहात, त्या बाजूने येणाऱ्यांनी वेळ हातात ठेवून निघा. निघण्याआधी संदेशला फोन करा, तो मेन गेटवर घ्यायला येईल. त्याचा फोन लागला नाही तर मला करा, मी ग्रुपमध्ये आहेच. जाण्यायेण्याचा खर्च आम्ही करू, यात संकोच नको.

पैसे घेऊन डोनर देतो असं कुणी म्हणालं तर त्याच्या नादाला लागू नका, आजच सकाळी भावाला असा एक फोन आला आणि तो बिचारा द्यायला तयार झाला होता. रक्त विकत घेणं कायद्याने गुन्हा आहे आणि असल्या माणसाचा काही भरवसा नाही.

डोनर मिळाले की मी लगेच इथे "झालं" असं लिहीन, त्यानंतर कृपया मेसेज पुढे पाठवू नका, उगाच संदेशला आठवडाभर फोन येत राहतील. तोपर्यंत मात्र ऑफिसच्या, सोसायटीच्या, क्रिकेटच्या सगळ्या ग्रुपवर टाका. नुसता हात जोडलेला इमोजी नको, येणार असाल तर "येतोय" आणि किती वाजता ते लिहा.

प्रमोद (वरच्या घरातला)
दुपारी १२:४०