सागवानी दिवाण विकायचाय, कोथरूड (पोस्ट नीट लिहून परत टाकतेय)

आधी नुसतं 'चांगल्या कंडिशनमध्ये' लिहिलं होतं, सगळ्यांनी तेच प्रश्न विचारले म्हणून आता स्पष्ट लिहिते. 6 बाय 4 फूट, 2016 ला सुताराकडून करून घेतलेला, आत स्टोरेज, फ्रेम भक्कम, वाळवी अजिबात नाही. खोट पण सांगते, झाकणाची डावी बिजागरी सैल झालीय त्यामुळे उघडताना एका हाताने धरावं लागतं, आणि उशाकडे गरम पातेल्याचा पांढरा गोल डाग आहे, तिसऱ्या फोटोत दिसेल, पॉलिशने जाईल असं सुतार म्हणाला पण मी करून बघितलेलं नाही. गादी मिळणार नाही. किंमत 8,500, फारतर पाचशे कमी करीन. शनिवार-रविवार 10 ते 1, आधी मेसेज करून या. तिसरा मजला, लिफ्ट नाही, टेम्पो आणि उचलायला माणसं तुमची. ॲडव्हान्स नको, बघून पटला तर नेताना पैसे द्या.